विजयनगरच्या बारा हजार राण्या

“कृष्णदेवरायाला बारा हजार राण्या होत्या म्हणे, खरं का?”

नाही. एवढ्या बायका इटालियन प्रवासी निकोलो कॉन्ती सांगतो, त्याही शंभर वर्षं आधीच्या राजाच्या. १५२० च्या सुमारास आलेला पोर्तुगीज दोमिंगो पाइश कृष्णदेवरायाच्या लग्नाच्या बायका बाराच देतो. वाड्यात बारा हजार बायका असल्याचं तोही लिहितो, पण ‘असं म्हणतात’ म्हणून. आणि त्यांत ढाल-तलवार चालवणाऱ्या, कुस्ती खेळणाऱ्या, धुणं धुणाऱ्या सगळ्या आल्या. राण्या परक्या पुरुषाच्या नजरेस पडतच नसत, तेव्हा ही माहिती ऐकीवच. राजाला मात्र त्याने स्वतः पाहिलं: मध्यम उंची, गोरा वर्ण, चेहऱ्यावर देवीचे व्रण. हे व्रण कुठला दरबारी कवी लिहील? तिरुमलादेवी आणि चिन्नादेवी या राण्यांसाठी तिरुपतीचे शिलालेख पाहावेत. तिथे त्यांची दानं नावानिशी कोरलेली आहेत.