सफरचंदाचे क्रंबल

सफरचंदाचे क्रंबल : साल काढून फोडी केलेल्या सफरचंदांवर मैदा, लोणी आणि साखर यांचा रवाळ चुरा पसरून ओव्हनमध्ये भाजलेला, मूळचा इंग्लंडमधील गोड पदार्थ. ‘क्रंबल’ या इंग्रजी शब्दाचा अर्थच चुरा होणे. अ‍ॅपल पाय हा त्याचा जवळचा आणि वयाने बराच मोठा भाऊबंद. पायमध्ये फळ लाटलेल्या पारीत बंद असते. क्रंबलला पारी नसते, चुऱ्याचे पांघरूण तेवढे असते. दोन्ही पदार्थ जेवणानंतर, बहुधा कोमट असतानाच, कस्टर्ड किंवा साय घालून खातात.

उगम : अ‍ॅपल पायची सर्वांत जुनी इंग्रजी कृती १३८१ सालची म्हणून सांगितली जाते. या सालाबाबत थोडी सावधगिरी हवी. ‘फोर्म ऑफ क्युरी’ हा राजा दुसरा रिचर्ड याच्या स्वयंपाक्यांचा संग्रह साधारण १३९० च्या सुमाराचा मानतात आणि ही कृतीही त्यातलीच आहे असे पुष्कळदा लिहिले जाते. सॅम्युअल पेग यांनी १७८० मध्ये तो संग्रह छापला, तेव्हा त्याच पुस्तकात १३८१ सालची दुसरी एक हस्तलिखित पाककृतिवलीही जोडली. सफरचंदाची कृती या जोडलेल्या भागात येते. दोन्ही एकाच मुखपृष्ठाखाली आल्याने ही सरमिसळ झाली असावी. कृती जेमतेम दोन ओळींची आहे : चांगली सफरचंदे, मसाले, अंजीर, बेदाणे आणि नासपती कुटून, केशराने रंगवून ‘कॉफिन’मध्ये, म्हणजे कणकेच्या डब्यात, भरून भाजायची. तिच्यात साखरेचा उल्लेख नाही. गोडी सुक्या फळांची असावी. त्या काळचे पारीचे कवच जाड व कडक असे आणि ते मुख्यतः भांड्याचे काम करी, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

क्रंबलचा उगम अधिक वादाचा आहे. प्रचलित समजूत अशी, की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लोणी व साखर जानेवारी १९४० पासून शिधापत्रिकेवर आली, पायच्या पारीला लागणारे लोणी परवडेना, म्हणून गृहिणींनी थोड्या लोण्याचा चुरा फळावर पसरायला सुरुवात केली. ही उपपत्ती आकर्षक असली तरी अपुरी वाटते. फळावर गोड चुरा भाजण्याची रीत जर्मन बेकरीतील ‘श्ट्रॉयझल’मध्ये आधीपासून होती. पावाचा चुरा आणि सफरचंद यांचे थर देऊन केलेली ‘ब्राउन बेटी’ अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात प्रचारात होती, तर ‘अ‍ॅपल क्रिस्प’ हे नाव १९२० च्या दशकातील अमेरिकी छापील पाककृतींत आढळते. तेव्हा रीत जुनी, आणि ब्रिटनमध्ये तिचा घरोघर प्रसार व क्रंबल हे नाव रूढ होणे मात्र युद्धकाळातले, हा मधला पक्ष अधिक ग्राह्य दिसतो. शिधावाटप १९५४ मध्ये संपल्यावरही पदार्थ टिकला, हेही या मताला पोषकच आहे.

फळ : ब्रिटनमध्ये यासाठी ब्रॅम्ली ही आंबट, फक्त शिजवायची जात वापरतात. नॉटिंगहॅमशायरमधील साउथवेल येथे मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने १८०९ मध्ये लावलेल्या बियांतून तिचे मूळ झाड आले, मात्र नाव पुढे ते घर विकत घेणाऱ्या मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाचे पडले. शिजल्यावर ब्रॅम्लीचा गर होतो. ग्रॅनी स्मिथच्या फोडी आकार धरून राहतात. भारतात सहज मिळणारी हिमाचल व काश्मीरची डेलिशस गटातील सफरचंदे गोड व कमी आंबट असतात. त्यांच्यात साखर निम्मी करून लिंबू पिळावे लागते, नाहीतर पदार्थ नुसताच गोडमिट्ट होतो.

चुरा : मैदा दोन भाग, लोणी एक भाग, साखर एक भाग, वजनाने. थंड लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचे. शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळणाऱ्या हाताला हे काम वेगळे शिकावे लागत नाही. परीक्षाही तीच, मुठीत दाबल्यावर मुटका वळावा आणि बोट लावताच फुटावा. फरक एकच : मोहन कडकडीत असते, इथे लोणी वितळता कामा नये. वितळलेले लोणी पिठात मुरले की चुऱ्याऐवजी सलग पापुद्रा बसतो. मुंबई-कोकणच्या उकाड्यात चोळून झालेला चुरा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवणे म्हणूनच गरजेचे.

भाजणी : क्रंबलचे दोन भाग दोन वेगळ्या गतींनी शिजतात, हा या पदार्थातील खरा पेच आहे. वरचा चुरा ओव्हनच्या कोरड्या उष्णतेत भाजतो आणि त्याचा रंग डोळ्यांना दिसतो. खालचे फळ स्वतःच्या रसात शिजते आणि चुऱ्याने झाकलेले असते. रंग पाहून भांडे बाहेर काढणाऱ्याला पुष्कळदा वर खमंग, मध्ये ओल्या पिठाचा थर आणि खाली पाणचट रस असे क्रंबल मिळते. म्हणून भाजणी संपल्याची खूण रंगात नव्हे, बुडबुड्यांत शोधावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

याचे कारण रस दाट करणाऱ्या घटकात आहे. फोडींना लावलेल्या कॉर्नफ्लोअरचे कण साधारण ६५–७० अंश सेल्सियसला फुगू लागतात, पण रसाला पुरता दाटपणा यायला ९०–९५ अंश लागतात. म्हणजे रस उकळीच्या जवळ गेल्याशिवाय कॉर्नफ्लोअर आपले काम पुरे करीत नाही. शिवाय उकळी आधी भांड्याच्या कडेला येते. काच वा चिनी माती बाजूंनी तापते आणि मधल्या फोडींपर्यंत उष्णता पोचायला आणखी दहा-पंधरा मिनिटे जातात. कडेला बुडबुडे दिसले म्हणून मध्य शिजला असे होत नाही.

बुडबुड्यांची जातही पाहावी लागते, आणि त्यासाठी मराठीत नेमके शब्द आहेत. पातळ रस खळखळतो : बुडबुडे लहान, चपळ, येतात तसे फुटतात, रस गढूळ पांढुरका दिसतो. दाट झालेला रस पिठल्यासारखा रटरटतो : बुडबुडे मोठे, आळशी, फुगून क्षणभर थांबतात आणि मग ‘ब्लप्’ करून फुटतात, रस पारदर्शक व चकचकीत होतो. खळखळ संपून रटरट सुरू झाली आणि ती कडेपासून मध्यापर्यंत पोचली, म्हणजे आतले सारण शिजले. काचेच्या भांड्यात ही स्थित्यंतरे बाजूने स्वच्छ दिसतात, म्हणून नवशिक्याने काचेचेच भांडे घ्यावे.

एक उदाहरण : २० सेंमी. चौरस, ५ सेंमी. खोल काचेचे भांडे. एक किलो सफरचंदे सोलून, गाभा काढून सुमारे ८०० ग्रॅम फोडी, प्रत्येक एक सेंमी. जाड. त्यांत ६० ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, चिमूटभर दालचिनी. वर १५० ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम लोणी व ७५ ग्रॅम साखर यांचा चुरा, न दाबता पसरलेला. दाबल्यास वाफेला वाट राहत नाही. ओव्हन आधी १९० अंशांवर पूर्ण तापवून, पंखा असल्यास १७० अंशांवर, भांडे मधल्या जाळीवर ठेवले. पंधरा मिनिटांनी चुरा फिकटच, काचेलगत फोडींना पाणी सुटलेले. पंचविसाव्या मिनिटाला कोपऱ्यांत खळखळ. पस्तिसाव्या मिनिटाला चुरा सोनेरी आणि वास खमंग; बहुतेक क्रंबले इथेच चुकून बाहेर निघतात. चाळिसाव्या मिनिटाला कडेला रटरट, रस चकचकीत. पंचेचाळिसाव्या मिनिटाच्या आसपास मध्यावर चुऱ्याच्या फटीतून एक-दोन जाड बुडबुडे वर आले आणि त्यांच्याभोवती चुऱ्यावर तपकिरी डाग पडला. तिथून आणखी पाच मिनिटे, मग बाहेर. खात्री हवी असल्यास मध्यावर सुरी खुपसावी : फोड अडखळत नाही आणि पाते बाहेर येताना त्याला पातळ पाणी नव्हे, पाकासारखा रस लागतो.

घरगुती ओटीजीमध्ये दाखवलेले आणि खरे तापमान यांत बरेचदा फरक असतो. वरची कांडीही चुऱ्याच्या फार जवळ येते. पंचविसाव्या मिनिटालाच चुरा लाल झाला तर तापमान एकदम उतरवू नये, त्याने सारणाची उकळी लांबते. चुऱ्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल सैल अंथरून भाजणी तशीच चालू ठेवावी. उलट बाजूने, चुरा फिकट आणि रटरट पूर्ण असेल तर शेवटची तीन-चार मिनिटे वरची कांडी पुरते. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये फळ शिजते, चुरा मात्र ओलसरच राहतो. त्यासाठी कन्व्हेक्शनची सोय लागते. फार वेळ उकळत ठेवणेही बाधते : आंबट रसात दीर्घकाळ उकळल्यास कॉर्नफ्लोअरचा दाटपणा पुन्हा मोडतो आणि रस पातळ होतो.

अ‍ॅपल पायला हेच तत्त्व लागू पडते, पण पारी लवकर आवळून घट्ट व्हावी म्हणून पहिली वीस मिनिटे २२० अंश आणि पुढे १९० अंशांवर पस्तीस ते पन्नास मिनिटे असे दोन टप्पे करतात. झाकणाच्या पारीला पाडलेल्या चिरांतून रटरटणारा रस दिसला पाहिजे. पाय कापण्यापूर्वी निदान तीन तास निवावा लागतो, कारण रस थंड होतानाच घट्ट बसतो. क्रंबल चमच्याने वाढायचे असल्याने त्याला पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

उंचीचा परिणाम : पाण्याचा उत्कलनबिंदू दर ३०० मीटरला सुमारे एक अंशाने उतरतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरला पाणी साधारण ९५–९६ अंशांनाच उकळते. तेथे बुडबुडे लवकर दिसू लागतात, मात्र रस तेवढा तापलेला नसतो आणि फोडीही सावकाश मऊ होतात. म्हणून घाटमाथ्यावर मध्यावरची रटरट सुरू झाल्यानंतर पाचऐवजी आठ-दहा मिनिटे धरणे योग्य. तेथील स्ट्रॉबेरी सफरचंदात मिसळल्यास पाणी आणखी सुटते. अशा वेळी कॉर्नफ्लोअर दीडपट घ्यावे.