खडकचक्राची आकृती

अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित हे तीन खडकप्रकार एकमेकांपासून कसे बनतात हे बाणांनी दाखवणारी आकृती. शिलारस निवून अग्निज खडक होतो. ऊनपावसाने त्याची झीज होऊन गाळ साचतो आणि दडपला जाऊन घट्ट होतो. उष्णता व दाब वाढला की कोणत्याही खडकाचे रूपांतरित खडकात परिवर्तन होते. तो वितळला की पुन्हा शिलारस. कल्पनेचे श्रेय सहसा स्कॉटिश भूवैज्ञानिक जेम्स हटन यांना दिले जाते. त्यांचा सिद्धांत १७८५ मध्ये एडिंबरो येथील रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला, १७८८ मध्ये छापला गेला आणि १७९५ मध्ये ग्रंथरूपात आला. मात्र त्यात आजची तीन चौकटींची आकृती नाही. रूपांतरित खडक हा स्वतंत्र गट चार्ल्स लायल यांच्यामुळे १८३३ च्या सुमारास रूढ झाला. त्यामुळे बाणांची आकृती ही नंतरच्या पाठ्यपुस्तकांची देणगी मानणे अधिक रास्त ठरते.

मराठवाड्यात ही आकृती पडताळून पाहायला सर्वांत सोयीची जागा किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तेथे घेतलेले सुमारे ६१७ मीटर खोल विंधनछिद्र वरून खाली वाचले, तर पहिले ३३८ मीटर बेसाल्ट, म्हणजे थरावर थर साचलेला लाव्हा. त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा खडक. मग तळापर्यंत पट्टिताश्म म्हणजे नाइस आणि त्याच्या जातीचे रूपांतरित खडक. तिन्ही प्रकार एकाच छिद्रात सापडतात, पण आकृतीतील क्रमाने नव्हे.

तळचा पट्टिताश्म सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा मानला जातो. तो अनेक किलोमीटर खोल, उष्णता व दाबाखाली घडला. तो लाव्ह्याखाली इतक्या कमी खोलीवर सापडतो, याचा अर्थ वरचा सारा भार लाव्हा येण्याआधीच झिजून गेला होता. आकृतीत या घडामोडीला ‘उत्थान व झीज’ असा एकच छोटा बाण असतो. बाणाच्या लांबीतून काळ दिसत नाही, ही आकृतीची पहिली मर्यादा.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. आकृती पाहणाऱ्याला वाटते, खालचा रूपांतरित खडक वितळला आणि त्याचाच बेसाल्ट झाला. किल्लारीत तसे घडलेले नाही. पट्टिताश्म वितळला असता तर त्यातून ग्रॅनाइटसारखा, सिलिकेचे प्रमाण जास्त असलेला रस निघाला असता. बेसाल्टमध्ये ते प्रमाण कमी आणि लोह व मॅग्नेशियम जास्त असते. दख्खनचा लाव्हा मुख्यतः सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातून, म्हणजे प्रावरणातून आला. तेथील तप्त पदार्थ वर सरकताना दाब कमी झाला आणि त्याचा काही अंश वितळला. म्हणजे हा रस चक्राबाहेरून आत आला. आकृतीत प्रावरणाकडून शिलारसाकडे येणारा आणखी एक बाण काढल्याशिवाय मराठवाड्याचा काळा पाषाण तिच्यात बसत नाही. हा बाण अनेक आकृत्यांत नसतो.

बेसाल्टच्या दोन थरांमध्ये ठिकठिकाणी लाल, मातकट पट्टा दिसतो. अजिंठा–वेरूळच्या डोंगरांत तो नजरेत भरतो. विहीर खणणारे त्याला गेरू म्हणतात, भूवैज्ञानिक बोल. त्याच्या उत्पत्तीवर एकमत नाही. काहींच्या मते ही दोन उद्रेकांमधल्या काळात बेसाल्ट कुजून तयार झालेली जुनी माती. काहींच्या मते ती ज्वालामुखीची राख. तर काही जण रंगाचे श्रेय वरून आलेल्या लाव्ह्याच्या भाजणीला देतात. पट्ट्याची खालची कडा तपासली की बरेच कळते. तांबडी माती, मग मुरूम, मग घट्ट पाषाण असा हळूहळू बदल दिसला तर माती जागच्या जागी बनली आहे; खालची कडाही धारदार असेल तर राखेची शक्यता तपासावी. अनेक पट्ट्यांना पहिले स्पष्टीकरण लागू पडते असे दिसते, भाजणीने फार तर वरचा भाग कडक केला असावा. आकृतीच्या भाषेत येथे झिजेचा बाण निघाला, पण वहन व संचयन होण्याआधीच पुढचा लाव्हा त्यावर येऊन बसला. एवढ्याशा भाजणीमुळे बोलला रूपांतरित खडक म्हणता येत नाही.

नांदेड जिल्ह्यात देगलूर–बिलोलीकडे लाव्ह्याचे आवरण संपते आणि तळचे ग्रॅनाइट व पट्टिताश्म उघडे पडतात. तेथे त्यांच्यावरचा झिजेचा बाण पुन्हा सुरू झालेला आहे. उरलेल्या मराठवाड्यात तो बेसाल्टवर चालतो : पाषाणाचा मुरूम, मुरमाची काळी माती, आणि ती पावसाळ्यात गोदावरी–मांजरा यांच्या पाण्यात. यातला काही गाळ पैठणच्या नाथसागरात अडतो, उरलेल्यातला काही बंगालच्या उपसागराकडे जातो. तेथे तो दडपला जाऊन खडक झाला, तरी पुढचे रूपांतराचे आणि वितळण्याचे बाण त्याला लागू होतीलच असे नाही. प्रत्येक खडक पूर्ण फेरा मारतो, असे आकृती सांगत नाही.