एकच पळी, शिऱ्याला वेगळी आणि वरणाला वेगळी

चैत्रात वणीच्या गडाकडे निघालेले पायी यात्रेकरू गावावरून जातात, तेव्हा आमच्या धुळ्याकडे जागोजागी भंडारा लागतो. दरवर्षी तोच प्रश्न कानावर येतो, ‘हजार माणसं आहेत, किती पळ्या होतील?’ अरे, पळ्या कशाच्या? शिऱ्याच्या की वरणाच्या?

वरणाचं गणित सगळ्यांना येतं. एक किलो तूरडाळीचं बट्टीसोबतचं सरसरीत वरण साधारण सहा लिटर होतं. माणशी साडेतीनशे मिली धरलं, तर हजारांना साडेतीनशे लिटर, म्हणजे साठ किलो डाळ. गंज काठोकाठ भरू नका, उकळी वर येते. झालं.

घोळ होतो तो शिऱ्यात. वरण पळीत आपोआप समपातळीत बसतं. दीडशे मिलीच्या पळीत दीडशेच मावतं, वाढणारा कोणीही असो. शिरा मात्र पळीवर ढीग करून बसतो. त्याचं माप पळीत नसतं, वाढणाऱ्याच्या मनगटात असतं.

आमच्याकडे एकदा हेच झालं. रवा, तूप, साखर दहा-दहा किलो आणि पाणी-दूध मिळून रव्याच्या अडीच ते तीन पट. वाफ जाऊन शिरा निघाला जेमतेम पन्नास किलो. माणशी पन्नास ग्रॅम, म्हणजे बरोबर हजार द्रोण. वाढायला उत्साही पोरं बसवली. समोरचा ‘आखो दे ना भाऊ’ म्हणाला की यांची पळी शिगोशीग. द्रोणात सरासरी ऐंशी ग्रॅम जाऊ लागले आणि सव्वासहाशेव्या माणसाला कढई खरवडायची वेळ आली. दोष रव्यावर आला. ‘वीस किलो घ्यायला हवा होता’ म्हणे!

वरण कमी पडलं तर उकळतं पाणी ओतून, मीठ-तिखट सारखं करून शंभर माणसं निभावता येतात. शिऱ्यात तसं पाणी घालून पाहा, खळ होईल. म्हणून शिऱ्याचा अंदाज सुरुवातीलाच पक्का हवा.

मी असं करतो. पहिले वीस द्रोण भरून एकत्र तोलतो. काटा द्रोणांचं वजन वगळून एक किलोच्या आसपास हवा. सव्वा किलो दाखवला तर लगेच लहान पळी देतो. पळी कढईच्या काठावर घासूनच उचलायची. निवलेल्या शिऱ्याचा गोळा निघतो, त्यामुळे अर्ध्या वाटपानंतर पुन्हा तोलायचं. दहा किलो रवा एकाच कढईत भाजण्याचा हट्टही नको, खालचा करपतो आणि वरचा कच्चा राहतो. पाच-पाचचे दोन घाणे काढा. दुसरा घाणा उशिरा लावला की मागच्या रांगेलाही गरम शिरा मिळतो, आणि पहिल्या पाचशेत हात सैल सुटला असेल तर तो अर्ध्यातच कळतो.