पाण्याच्या एका तासाची किंमत: लाग्रांजचा गुणक काय सांगतो

एका शेतकऱ्याला कालव्याच्या आवर्तनात 20 तास पाणी मिळतं. शेतात कांदा आहे आणि हरभरा आहे. कोणत्या पिकाला किती तास द्यायचे?

हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे आपण ठरवून घेऊ. कांद्याला x तास पाणी दिलं तर 4000x − 100x² रुपये मिळतात आणि हरभऱ्याला y तास दिलं तर 2400y − 50y² रुपये. दोन्हींत वर्गाचं पद उणे आहे, कारण पहिल्या तासाच्या पाण्याने जेवढा फायदा होतो तेवढा दहाव्या तासाच्या पाण्याने होत नाही. बंधन एकच आहे: x + y = 20.

बंधन नसतं तर प्रत्येक फलनाचा विकलज शून्य धरून उत्तर आलं असतं: कांद्याला 20 तास, हरभऱ्याला 24. पण हातात 44 तास नाहीत. अशा वेळी लाग्रांजची रीत बंधनालाच समीकरणात ओढून घेते. बंधनाला λ या अज्ञात संख्येने, म्हणजेच लाग्रांजच्या गुणकाने, गुणायचं आणि मूळ फलनातून वजा करायचं:

```
L = 4000x − 100x² + 2400y − 50y² − λ(x + y − 20)
```

आता x, y आणि λ या तिघांच्या संदर्भात विकलज काढून प्रत्येक शून्याबरोबर मांडायचा. x कडून मिळतं 4000 − 200x = λ, y कडून 2400 − 100y = λ, आणि λ कडून बंधन जसंच्या तसं परत येतं. पहिल्या दोन समीकरणांच्या उजव्या बाजूला एकच λ असल्याने 4000 − 200x = 2400 − 100y. इथे y = 20 − x घातलं की x = 12 आणि y = 8 मिळतात. एकूण उत्पन्न 49,600 रुपये, आणि λ = 1600.

पहिल्या दोन समीकरणांचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. डावीकडे आहे त्या पिकाला आणखी थोडं पाणी दिल्यावर उत्पन्न ज्या दराने वाढेल तो दर, म्हणजे सीमांत उत्पन्न. दोन्ही पिकांचे हे दर सारखे झाले, की वाटप योग्य झालं. ते सारखे नसतील, तर कमी दराच्या पिकाचं थोडं पाणी काढून जास्त दराच्या पिकाला दिल्याने फायदा होईल. तशी अदलाबदल करायला जागाच उरत नाही, तो हा बिंदू. आणि त्या बिंदूवरचा हा सामाईक दर म्हणजेच λ.

म्हणून λ केवळ गणित सोडवण्यापुरता आणलेला मदतनीस नाही. त्याचं एकक आहे रुपये प्रति तास. बंधन 20 वरून थोडं सैल केलं तर सर्वोत्तम उत्पन्न किती वाढेल, याचं ते उत्तर आहे. हीच पाण्याची छाया किंमत: कोणत्याही बाजारात न लिहिलेली, पण या शेतापुरती खरी. पडताळून पाहू. 21 तासांसाठी तोच हिशेब पुन्हा केला तर उत्पन्न सुमारे 51,167 रुपये येतं, म्हणजे वाढ साधारण 1,567 रुपयांची. ती 1600 पेक्षा थोडी कमी का? कारण तास वाढत जातो तशी λ स्वतः उतरते, आणि 21 तासांवर ती सुमारे 1,533 होते.

इथेच सगळ्यात जास्त चूक होते. छाया किंमत 1600 आहे म्हणून 10 जादा तासांचे 16,000 रुपये मिळतील असं धरलं जातं. प्रत्यक्षात 30 तासांवर वाढ सुमारे 12,667 रुपयांचीच आहे. λ फक्त सध्याच्या बिंदूजवळच्या छोट्या बदलापुरती बोलते.

समजा शेजारी आपलं पाणी तासाला 1200 रुपयांनी द्यायला तयार आहे. या उदाहरणात λ प्रत्येक तासाला 66.67 रुपयांनी उतरते, म्हणून 6 तास घेतल्यावर ती बरोबर 1200 वर येते. तिथे थांबायचं. त्या 6 तासांनी उत्पन्न 8,400 रुपयांनी वाढतं, खर्च 7,200 होतो, हाती 1,200 राहतात. सातवा तास घेतला तर तो स्वतःचे पैसे भरून काढत नाही.

आता बंधन आवळून पाहू. फक्त 6 तास पाणी आलं, तर वरची समीकरणं हरभऱ्याला उणे 1.33 तास देतात. हे अर्थातच अशक्य आहे, आणि उणे उत्तर आलं की समजायचं की y शून्यापेक्षा कमी होऊ शकत नाही हे दुसरं बंधन आपण लिहायला विसरलो. योग्य उत्तर: सगळं पाणी कांद्याला. तिथे कांद्याचा सीमांत दर 2800 आहे, तर हरभऱ्याच्या पहिल्या थेंबाचाही दर 2400. दर सारखे होण्याची अट फक्त ज्या पिकांना पाणी मिळतं त्यांनाच लागू असते. बाकीच्यांचा दर λ पेक्षा कमी किंवा फार तर तेवढाच असतो.

उलट टोकाला 50 तास पाणी आलं आणि x + y = 50 असं बरोबरीचं बंधन ठेवलं, तर कांद्याला 22 तास, हरभऱ्याला 28 आणि λ उणे 400 येते. उणे छाया किंमत म्हणजे पाणी नुकसान करतंय. तरीही बरोबरीच्या अटीमुळे ते शेतात सोडायलाच लागतंय. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या काळ्या जमिनींत अति पाण्याने क्षार वर येऊन शेतं चोपण झाली, तो प्रकार या उणे चिन्हाला फार जवळचा आहे. खरं बंधन ‘जास्तीत जास्त 50’ असं लिहायला हवं. मग 44 तास वापरून 6 तास शिल्लक राहतात आणि λ शून्य होते. नियम असा: बंधन पूर्ण वापरलं गेलं नसेल तर त्याची छाया किंमत शून्य, आणि छाया किंमत शून्याहून जास्त असेल तर ते बंधन पुरतं वापरलं गेलेलं असतं. विल्यम करुश यांनी 1939 मध्ये आणि कून-टकर यांनी 1951 मध्ये या अटी मांडल्या.

लाग्रांजने हे गुणक 1788 च्या यामिकीवरील ग्रंथात वापरले. तिथे λ म्हणजे बंधन टिकवून ठेवणारं बल. किमतीचा अर्थ ठळकपणे पुढे आला तो लेनिनग्राडमध्ये. 1938 मध्ये प्लायवुड उद्योगाच्या प्रयोगशाळेने गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांच्यापुढे प्रश्न ठेवला: आठ यंत्रं, पाच प्रकारचं लाकूड, आणि प्रत्येक यंत्राची प्रत्येक लाकडावरची उत्पादकता वेगळी. कोणतं लाकूड कोणत्या यंत्रावर चढवायचं? त्यांनी 1939 मध्ये ‘निर्णायक गुणकां’ची रीत प्रसिद्ध केली. हे गुणक लाकूड आणि यंत्रांच्या वेळेचं मोल दाखवत होते. वस्तूचं मूल्य श्रमावर ठरतं असं मानणाऱ्या सोव्हिएत अर्थशास्त्राला ते अडचणीचं वाटलं. या कामासाठी कांतोरोविच यांना त्यालिंग कूपमान्स यांच्यासोबत 1975 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

एक तपासणी मात्र कधीच गाळू नये. रीत फक्त असा बिंदू शोधते जिथे सीमांत दर सारखे आहेत. तो सर्वोत्तमच असेल असं ती सांगत नाही. समजा दोन पिकांचं उत्पन्न x² आणि y² आहे, म्हणजे पाणी वाढेल तसा फायदाही वाढत जातो. 20 तासांसाठी समीकरणं x = y = 10 देतात आणि एकूण येतं 200. पण सगळं पाणी एकाच पिकाला दिलं तर येतात 400. रीतीने सर्वांत वाईट वाटप शोधून दिलं. म्हणून फलनं उतरत्या सीमांत दराची आहेत का, हे आधी बघायचं, आणि नसतील तर टोकांवरची उत्पन्नं मोजून शेजारी मांडायची.