माजी कर्मचाऱ्याने ऑनलाइन बदनामी केली तर: तक्रार कोणाची, कुठे आणि कोणत्या कागदांवर

समजा, साताऱ्यात एक लहान बेकरी आहे. नोकरी सोडून गेलेल्या कारागिराने गूगल मॅप्सवर एक तारा देऊन लिहिलं, "इथे मी चार वर्षं काम केलं. शिळे पाव पुन्हा भाजून विकतात. माझा दोन महिन्यांचा पगार बुडवला." सकाळी हे वाचून मालकाचा पहिला विचार असतो, थेट पोलिस ठाण्यात जायचं. थोडं थांबा.

आधी मजकुराचं एकेक वाक्य वेगळं करा. पावाचं वाक्य खोटं असेल तर ते बदनामी आहे. पगाराचं खरं असेल तर ते बदनामी ठरवणं जवळजवळ अशक्य आहे, कारण सार्वजनिक हितासाठी सांगितलेलं सत्य हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मधला पहिलाच अपवाद आहे. पगार खरोखर थकला असेल तर तो आजच बँकेतून द्या आणि पावती ठेवा. थकबाकी ठेवून नोटीस पाठवणाऱ्या मालकाची बाजू कोर्टात उभी राहत नाही, हे मी कळकळीने सांगतो.

दुसरं काम पुराव्याचं, आणि ते पोस्ट काढून टाकायची खटपट करण्याआधी व्हायला हवं. पोस्ट उडाली की पुरावाही उडतो. पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात तारीख, प्रोफाइलचं नाव आणि लिंक दिसली पाहिजे. कोर्टात नुसती प्रिंट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा पहिला भाग तुम्ही भरता, दुसरा तज्ज्ञ. त्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइलचा बोटांचा ठसा, लिहायचा असतो. विंडोज संगणकावर तो असा मिळतो:

```
certutil -hashfile review.png SHA256
```

नंतर ती फाइल उघडून कापली-जोडली, वर बाण काढून पुन्हा सेव्ह केली, की ठसा बदलतो. म्हणून मूळ फाइल पेन ड्राइव्हवर तशीच ठेवा आणि खुणा प्रतीवर करा. जालन्याच्या निवडणूक याचिकेतून गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये, जुन्या कायद्यातलं असंच प्रमाणपत्र आवश्यक असल्याचं स्पष्ट केलं होतं.

आता गूगल. बहुतेक मालक "हे खोटं आहे" अशी तक्रार करतात आणि ती फेटाळली जाते, कारण खरं-खोटं ठरवणं गूगल आपल्याकडे घेत नाही. पण आपल्या सध्याच्या किंवा जुन्या नोकरीच्या अनुभवाबद्दल मॅप्सवर लिहिणं गूगलच्या धोरणातच बसत नाही. बिझनेस प्रोफाइलमधून त्या रिव्ह्यूपुढचे तीन ठिपके दाबा, `Report review` निवडा आणि कारण म्हणून `Conflict of interest` द्या. आपल्या उदाहरणात "मी चार वर्षं काम केलं" हे त्याचंच वाक्य तुमच्या कामी येतं. तक्रार फेटाळली तर एकदा अपील करता येतं. नोकरीचे अनुभव लिहिण्यासाठीच असलेल्या साइटवर मात्र हे कारण चालत नाही.

रिव्ह्यू असेपर्यंत खाली दोन ओळींचं उत्तर पुरे: "पाव रोज ताजे भाजले जातात. कोणाला शंका असल्यास दुकानात येऊन पाहावं." त्या मुलाचं पूर्ण नाव, उचल, कामावरून काढल्याचं कारण यातलं काहीही लिहू नका. नाहीतर उलटी नोटीस तुम्हालाच येते.

एवढ्याने भागलं नाही तर वकिलामार्फत स्पीड पोस्टने नोटीस पाठवा. खोटं वाक्य जसंच्या तसं उद्धृत करा आणि ते काढायला मुदत द्या. त्यापुढे दोन वाटा आहेत.

फौजदारी वाटेत बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. ठाण्यात एनसी लिहून घेतील, एफआयआर नाही. खाजगी तक्रार न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायची असते, तीही ज्याची बदनामी झाली त्यानेच. एकट्याचा धंदा असेल तर मालकाने, भागीदारी असेल तर भागीदाराने, कंपनी असेल तर संचालक मंडळाच्या ठरावाने अधिकार दिलेल्या माणसाने. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 223 मुळे दखल घेण्याआधी समोरच्यालाही म्हणणं मांडायची संधी मिळते. मुदत 3 वर्षांची.

दिवाणी दाव्यात मनाईहुकूम आणि भरपाई मागता येते, पण मुदत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून फक्त 1 वर्ष. समेटाच्या आशेवर थांबणाऱ्यांची इथेच चूक होते. भरपाईच्या रकमेवर कोर्ट फी लागते, म्हणून आकडा फुगवू नका.

दोन्हीकडे कागद साधारण सारखेच: शॉप ॲक्टची नोंद किंवा उद्यम प्रमाणपत्र, नेमणूक व हिशेब मिटवल्याचे कागद, पगाराच्या बँक नोंदी, स्क्रीनशॉट व कलम 63 चं प्रमाणपत्र, नोटिशीची प्रत व पोच. बेकरीवाल्याने यात एफएसएसएआयचा परवाना आणि मैदा-यीस्टच्या रोजच्या खरेदीची बिलं जोडावीत. शिळ्या पावाच्या आरोपाला तीच बिलं उत्तर देतात.