मिडल (दोन बुकींच्या लाइनींमधली पैज)

बुकी सामन्यातल्या एखाद्या आकड्यासाठी जी सीमा ठरवतो ती लाइन; आकडा तिच्या वर जाईल ही पैज ‘ओव्हर’, खाली राहील ही ‘अंडर’. एकाच सामन्याच्या एकाच आकड्यावर दोन बुकींनी वेगवेगळ्या लाइनी दिल्या असतील, तर खालच्या लाइनीवर ओव्हर आणि वरच्या लाइनीवर अंडर लावण्याच्या प्रकाराला मिडल म्हणतात. निकाल दोन्ही लाइनींच्या मधल्या फटीत पडला, तर दोन्ही पैजा जिंकतात. फटीबाहेर गेला, तर एक जिंकते, एक हरते आणि हाती छोटासा तोटा राहतो. आर्बिट्राजमध्ये निकाल काहीही लागला तरी नफा ठरलेला असतो. मिडलमध्ये तसे नसते. बहुतेक वेळा थोडे गमवायचे आणि क्वचित बरेच कमवायचे, असा हा व्यवहार आहे. त्यामुळे सगळा प्रश्न ‘क्वचित’ म्हणजे किती वेळा, एवढाच उरतो.

मिडलचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकी फुटबॉलमधले आहे. २१ जानेवारी १९७९ च्या सुपर बोलमध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स साडेतीन गुणांनी वरचढ धरून लाइन उघडली. त्यांच्यावर पैसा येत गेला तशी ती साडेचारपर्यंत सरकली. ज्यांनी आधी स्टीलर्सवर उणे साडेतीनने, म्हणजे ते साडेतीनपेक्षा जास्त गुणांनी जिंकतील असे लावले आणि नंतर डॅलस काउबॉइजवर अधिक साडेचारने, म्हणजे ते जिंकतील किंवा साडेचारपेक्षा कमी गुणांनी हरतील असे लावले, त्यांच्या फटीत ४ हा एकच आकडा होता. सामना ३५–३१ असा संपला, म्हणजे बरोबर ४ गुणांनी. लास वेगासच्या बुकींना दोन्हीकडचे पैसे द्यावे लागले आणि तो रविवार त्यांच्यात ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जाऊ लागला. ही फट एकाच बुकीकडे वेळेच्या अंतराने पडली होती. दोन बुकींकडे ती एकाच वेळी सापडते, एवढाच फरक, हिशेब तोच.

तोटा किती, फट किती

नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर टी-२० सामना आहे असे धरू. पहिल्या डावाच्या एकूण धावांवर एका बुकीची लाइन १६१.५ आहे, दुसऱ्याची १६७.५. दोघांचाही भाव १.९०, म्हणजे १००० रुपये लावून जिंकल्यास मुद्दलासह १९०० परत. पहिल्याकडे १००० रुपये ओव्हरवर आणि दुसऱ्याकडे १००० रुपये अंडरवर लावले. धावा १६२ ते १६७ मध्ये थांबल्या तर ३८०० मिळतात, म्हणजे निव्वळ १८०० चा नफा. त्याबाहेर कुठेही थांबल्या तर २००० लावून १९०० हाती येतात आणि १०० रुपये जातात.

दर खेपेला १०० घालवून कधीतरी १८०० मिळत असतील, तर १८ चुकांमागे एकदा फट लागली की हिशेब बरोबरीत सुटतो. म्हणजे १९ पैकी एकदा, ५.२६ टक्के. भाव दोन्हीकडे सारखा असेल तर हा आकडा काढायची सोपी रीत आहे: २ ला भावाने भागायचे आणि त्यातून १ वजा करायचा. भाव १.९५ झाला तर बरोबरीची शक्यता २.५६ टक्क्यांवर येते, जवळजवळ निम्मी. लाइनीतला फरक शोधण्यात रात्र घालवणारे भावातल्या पाच पैशांकडे काणाडोळा करतात, ते इथे महागात पडते.

शक्यतेचा अंदाज

इथे पहिली चूक होते ती बुकींचे म्हणणे तसेच्या तसे घेण्याची. पहिला बुकी सांगतो की १६१.५ च्या वर जाण्याची शक्यता निम्मी. दुसरा सांगतो की १६७.५ च्या खाली राहण्याची शक्यता निम्मी. दोघांचे ऐकले तर निम्मी आणि निम्मी मिळून एक, आणि मधल्या फटीसाठी शून्य उरते. दोन वेगळी मते एकत्र जोडल्याचा हा परिणाम आहे. अंदाज करायचा तर धावांचे एकच वितरण गृहीत धरायला हवे आणि दोन्ही लाइनी त्याच्यावर ठेवून पाहायला हव्यात. ओव्हर जिंकण्याची शक्यता आणि अंडर जिंकण्याची शक्यता यांची बेरीज १ पेक्षा जेवढी जास्त, तेवढी फटीची शक्यता.

पहिल्या डावाच्या धावा घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे पसरतात असे मानले, तर मध्याच्या आसपास एक ढोबळ सूत्र पुरते: फटीत मावणारे पूर्णांक गुणिले ०.४, भागिले प्रमाण विचलन. प्रमाण विचलन म्हणजे धावा सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे भटकतात ते. ते ३० धरले, तर सहा आकड्यांच्या फटीला ८ टक्के मिळतात. बरोबरीला ५.२६ लागत होते, म्हणजे प्रत्येक २००० रुपयांमागे सरासरी ५२ रुपयांचा नफा. फट तीन धावांची असती तर शक्यता ४ टक्के होते आणि व्यवहार तोट्याचा ठरतो. चार धावांना ५.३ टक्के, म्हणजे काठावर. १.९० च्या भावात चारपेक्षा कमी आकड्यांच्या फटीकडे पाहायचेच नाही, हा नियम यातूनच निघतो.

या हिशेबातली सोयीची गोष्ट अशी की दोघांपैकी कोणता बुकी बरोबर आहे हे कळण्याची गरज नसते. खरा मध्य १६४ ऐवजी १५० असला, दोन्ही बुकी चुकले असले, तरी शक्यता ८ वरून ७ टक्क्यांच्या आसपासच उतरते, कारण वक्राचा माथा बराच सपाट असतो. प्रमाण विचलन ३० ऐवजी ४० निघाले तरी ६ टक्के उरतात. लाइन कुठे आहे यापेक्षा फट किती रुंद आहे, यावर सगळे अवलंबून असते.

सूत्रावर विश्वास नसेल तर जुने धावफलक मोजता येतात, पण तिथे दुसरी चूक होते. शंभरेक डावांतून बरोबर १६२ ते १६७ मध्ये संपलेले मोजले तर आठ सापडतील किंवा चार, आणि एवढ्या लहान मोजणीवर काही ठरवता येत नाही. त्यापेक्षा मोजणीसाठी पट्टा मोठा घ्यावा. समजा १२० डावांच्या नोंदी आहेत आणि १४४ ते १८४ या ४१ आकड्यांत त्यातले ६० डाव संपले. निम्म्याला ४१ ने भागून ६ ने गुणले की ७.३ टक्के येतात. मोठ्या मोजणीतून आलेला हा आकडा स्थिर असतो आणि किंचित कमीच दाखवतो, ते बरेच आहे.

ही रीत पहिल्या डावापुरतीच. पाठलाग करणारा संघ लक्ष्य गाठले की थांबतो, म्हणून दुसऱ्या डावाच्या धावा लक्ष्याच्या आणि त्यापुढच्या पाच आकड्यांवर ढिगाने साचतात. फुटबॉलच्या स्प्रेडमध्येही, म्हणजे विजयाच्या फरकावरच्या लाइनीतही तसेच होते: अमेरिकी फुटबॉलमध्ये ३ आणि ७ गुणांच्या फरकाने संपणारे सामने शेजारच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. तिथे अडीच आणि साडेतीनमधली एकाच आकड्याची फटही मोलाची असते. ३ आणि ७ ला सोडून असलेली तेवढीच फट बहुधा कवडीमोल.

८ टक्के म्हणजे किती विरळ, हेही पाहिले पाहिजे. सलग २० खेपांत एकदाही फट न लागण्याची शक्यता जवळजवळ १९ टक्के असते. पाचातल्या एकाला हा अनुभव येतोच आणि २००० रुपये घालवून तो ‘हे गणित खोटं आहे भाऊ’ असे म्हणत सोडून देतो.

सेशन आणि खायवाडी

नागपुरी सट्ट्यात एकूण धावांपेक्षा सेशन, म्हणजे ठरावीक षटकांतल्या धावांवरची पैज जास्त चालते. सहा षटकांचे सेशन ‘४६–४८’ असे बोलले, तर ४८ ला ‘येस’ म्हणणारा ४८ किंवा जास्त धावांवर जिंकतो, ४६ ला ‘नॉट’ म्हणणारा ४५ किंवा कमी धावांवर. ४६ आणि ४७ वर दोघेही हरतात. म्हणजे खायवाडी करणाऱ्याने, पैजा घेणाऱ्याने, स्वतःसाठी मिडल आधीच बांधून ठेवलेले असते, फक्त फट त्याच्या बाजूची असते.

पंटरला, म्हणजे पैज लावणाऱ्याला, उलटे मिडल हवे तर एकाकडे ४४–४५ आणि त्याच क्षणी दुसऱ्याकडे ४८–४९ मिळायला हवे. मग ४५ ला येस, ४८ ला नॉट, आणि ४५ ते ४७ वर दोन्ही आपले. भाव बरोबरीचा असेल तर चुकल्यावरही खिशातून काही जात नाही, आणि नेमकी हीच गोष्ट संशयास्पद आहे. बहुतेक बुकी एकाच फोन लाइनीवरून, म्हणजे डब्ब्यावरून भाव ऐकतात. दोघांच्या आकड्यांत तीन-चार धावांचा फरक दिसला तर बहुधा एकाचा फोन मागे पडलेला असतो: चौकार गेलेला असतो आणि त्याला तो अजून कळलेला नसतो. कळल्यावर ‘तो भाव गेला होता’ म्हणून सौदा मोडला जातो, आणि पंटरच्या हाती मिडलचा एकच पाय उरतो.

कुठे फसते

एकच पाय उरणे हा मिडलचा नेहमीचा अपघात आहे. पहिली पैज लागते, दुसरीकडे वळेपर्यंत लाइन सरकते. नाणेफेकीच्या आगेमागे हे हमखास होते.

दुसरा धोका नियमांतल्या फरकाचा. २३ सप्टेंबर २०२२ रोजी जामठ्यात भारत–ऑस्ट्रेलिया टी-२० सामना ओल्या मैदानामुळे ८ षटकांचा झाला. ऑस्ट्रेलियाने ५ बाद ९० केल्या, भारताने ४ बाद ९२ करून सामना जिंकला. पूर्ण २० षटकांसाठी काढलेल्या लाइनीवर अशा दिवशी दोघांनीही पैजा रद्द केल्या तर पैसे परत येतात. पण अंडरवाल्याने रद्द केली आणि ओव्हरवाल्याने ‘सामना झाला ना’ म्हणून ती धरली, तर १००० रुपये सरळ बुडतात. म्हणून षटके कमी झाल्यावर काय, हा प्रश्न लाइनीआधी विचारायचा असतो.

तिसरा धोका वसुलीचा. महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली क्रिकेटवर सट्टा घेणे गुन्हा आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार मुळातच रद्दबातल असतो, त्यामुळे जिंकलेली रक्कम कोर्टात मागता येत नाही. मिडल करणाऱ्याला हे इतरांपेक्षा जास्त नडते. तो जवळजवळ प्रत्येक खेपेला एकाकडे जिंकतो आणि दुसऱ्याकडे हरतो. जिंकल्याकडून १९०० आले नाहीत तर १०० चा तोटा २००० चा होतो. वरच्या उदाहरणात सरासरी नफा ५२ रुपयांचा आणि सरासरी येणे २०५२ रुपयांचे आहे. म्हणजे चाळीस येण्यांपैकी एक बुडाले, की सहा धावांच्या फटीतला सगळा नफा गेला.