रोज दहाच नवे शब्द का? वर्षभरात नवी भाषा बोलायचं गणित

"तीस दिवसांत फाडफाड बोला" छापाची जाहिरात परत दिसली आणि डोकं सटकलं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची शाळा इंग्रजीवाल्यांना स्पॅनिश शिकवायला वर्गातले ६०० ते ७५० तास लावते आणि जपानीला २२००! ते ऑफिसच्या कामाइतपत येण्यासाठी, मान्य. नुसत्या गप्पांपुरती, आपल्या भाषेला जवळची भाषा असेल तर रोज एक तास आणि एक वर्ष धरा. त्यातली १५ मिनिटं शब्दांची, बाकी ऐकणं-बोलणं. पण माणसं गळतात ती या १५ मिनिटांतच, म्हणून त्याबद्दलच जास्त सांगतो.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, नंतर हळूहळू. म्हणून उजळणीची अंतरं वाढवत न्यायची, समजा १, ३, ७, १६ आणि ३५ दिवस. प्रत्येक नव्या शब्दाचं अ‍ॅपमध्ये एक कार्ड करायचं: पुढे तो शब्द वापरलेलं छोटं वाक्य आपल्या भाषेत, मागे तेच नव्या भाषेत, आणि उलटायच्या आधी तोंडाने बोलायचं. नुसतं वाचून "हो हो, येतंय की" वाटतं ते फसवं असतं, आठवायला जोर लावला तरच टिकतं.

आता गणित बघा. रोज १० नवे शब्द घेतले तर पहिल्या आठवड्यात उजळणीला रोज १०-२० कार्डं, अगदी मजेत होतं, मग उत्साहाने माणूस ३० शब्दांवर जातो आणि इथेच फसतो, कारण प्रत्येक शब्द पाच वेळा परत येणार असतो आणि सगळ्या फेऱ्या एकावर एक चढायला दोन महिने लागतात. तेव्हा १० वाल्याला रोज ५० जुनी कार्डं, चुकलेली धरून ६०, म्हणजे १० सेकंदांप्रमाणे १० मिनिटं. ३० वाल्याला १८०, अर्धा तास, आणि चार दिवस गावाला गेला की ७२० चा ढीग! मग अ‍ॅपच डिलीट. (झोपेत ऐकून नवी भाषा शिकवणारे या गणितातून सुटतात, कारण तिथे शिकणंच नसतं.)

ढीग साचलाच तर नवे शब्द पूर्ण बंद करायचे, तो आपोआप उतरतो. आणि आठवडाभर दहातली आठ कार्डंही बरोबर येत नसतील तर नवे शब्द निम्मे करा. एखादं कार्ड सात-आठ वेळा चुकलं की घोकत बसू नका, वाक्यच बदला.

आठ महिन्यांत अशी २००० च्या वर कार्डं होतात. मग नवी थांबवायची आणि सुटलेला वेळ बोलण्याला द्यायचा, कारण कार्ड दहा सेकंद थांबतं, समोरचा माणूस थांबत नाही. बोलणं मात्र तिसऱ्या महिन्यापासूनच सुरू हवं, आठवड्यातून दोनदा अर्धा तास कुणाशी तरी. शिवाय दर महिन्याला "काल मी काय केलं" यावर दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करा. जिथे अडखळलात ते वाक्य, तेच पुढचं कार्ड.